‘नो रिटर्न’च्या जागी काय लिहायचं?

इन्स्टाग्रामवर साड्या विकणाऱ्या घरगुती व्यवसायांची पानं चाळली की एक मजकूर हमखास भेटतो. साडीचं कापड, लांबी, दर आणि त्याखाली: ‘नो रिटर्न, नो एक्सचेंज, नो रिफंड. ओपनिंग व्हिडिओ कम्पल्सरी.’ शेवटी हात जोडलेली इमोजी. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही दुकानातली पाटी आता मोबाइलवर आली आहे, एवढंच. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. तेव्हापासून ग्राहक चळवळ ज्या वृत्तीशी भांडत आली, ती अजून टिकून आहे. फक्त तिची भाषा थोडी इंग्रजी झाली आहे.

यातल्या एखाद्या विक्रेतीने उद्या नियम बदलायचं ठरवलं आणि ते एका पोस्टखाली लिहायचे झाले, तर पहिला सल्ला मिळतो तो भाषा गोड करण्याचा. ‘परत घेणार नाही’ म्हणू नका, ‘आपल्या सर्वांच्या सोयीसाठी आमचं परतीचं धोरण अद्ययावत करत आहोत’ म्हणा. मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो. ‘सोयीसाठी’ हा शब्द दिसला की आपल्याकडचा ग्राहक पाकीट सांभाळतो. बँकेपासून रेल्वेपर्यंत सगळ्यांनी त्याला ती सवय लावली आहे. नियम न्याय्य वाटतो तो त्यात विक्रेत्याने स्वतःला कुठे आणि किती बांधून घेतलं आहे यावरून. ग्राहकाला सात दिवसांची मुदत आणि दुकानदाराला मुदतच नाही, अशा नियमाला कितीही नम्र कॅप्शन लिहिलं तरी तो एकतर्फीच दिसणार, कारण तो तसा आहेच.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण बऱ्याच विक्रेत्यांचा घोळ इथूनच सुरू होतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या आहे. सदोष माल विकल्यावर तो परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही त्यातली एक. किती दिवसांत? बिलावर, कॅश मेमोवर किंवा पावतीवर जी मुदत लिहिली असेल तेवढ्या दिवसांत. काहीच लिहिलं नसेल तर तीस दिवसांत. म्हणजे फाटकी साडी पाठवून ‘नो रिटर्न लिहिलं होतं ना’ असं म्हणणाऱ्या विक्रेत्याच्या हातात काहीच नसतं. ती ओळ लिहिल्याने हक्क जात नाही, फक्त ज्यांना हक्क माहीत नाही ते गप्प बसतात.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. साडी धडधाकट आहे, फोटोत दाखवली तशीच आहे, वेळेवर आली आहे, पण नेसून पाहिल्यावर मनात भरली नाही, तर ती परत घ्यायला आपला कायदा विक्रेत्याला सरसकट भाग पाडत नाही. युरोपीय संघात ऑनलाइन खरेदीवर साधारणपणे चौदा दिवसांत कारण न देता माल परत करता येतो. आपल्याकडे तसा सर्वसाधारण हक्क नाही. मोठ्या कंपन्या जी बिनप्रश्न परतीची सोय देतात ती त्यांच्या धंद्याची चाल आहे. त्या सवयीने ग्राहक सोलापुरातल्या एका खोलीतून चालणाऱ्या व्यवसायाकडूनही तेच मागतो, आणि ती बिचारी घाबरून थेट ‘नो रिटर्न’वर जाते.

म्हणजे परत येणाऱ्या साड्यांचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत: दोषामुळे आलेली आणि मन बदललं म्हणून आलेली. पहिलीत पैसे देणं हे देणं आहे, दुसरीत ती सवलत आहे. जुन्या कॅप्शनचं खरं पाप असं की ते या दोन्हींना एकाच ‘नो’मध्ये गुंडाळतं. गोड भाषेतलं नवं कॅप्शन उलटी चूक करतं. दोष असलेली साडी परत घेणं हेही ते मोठ्या मनाचं औदार्य म्हणून मिरवतं. कायद्याने जे द्यावंच लागतं ते ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून सांगणं ही फसवणूकच.

आता सवलतीचा हिशोब मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण असा धंदा करणाऱ्यांना ते परके वाटणार नाहीत. सोलापुरात विणलेली एक नारायणपेठ साडी, विकायचा दर १,८५० रुपये, विक्रेतीला पडली १,३००. जाण्याचं कुरिअर ९०, पिशवी, खोका, चिकटपट्टी मिळून २५ आणि ऑनलाइन पैसे घेण्याचं शुल्क करासकट साधारण ४४. हे १५९ वजा केले की हातात राहिले ३९१ रुपये. यातच फोनचं, विजेचं आणि रात्री अकरा वाजता ‘ताई, अजून एक फोटो पाठवा ना’ला दिलेल्या उत्तरांचं मोल.

ही साडी ‘आवडली नाही’ म्हणून परत आली आणि विक्रेतीने पूर्ण १,८५० परत केले तर? ते १५९ गेलेच, कारण पैसे परत केले तरी व्यवहाराचं शुल्क बहुधा परत मिळत नाही. येण्याचं कुरिअर ९०, इस्त्री आणि पुन्हा घडी घालण्याचे ४०. एकूण २८९ रुपये. म्हणजे पुढच्या एका साडीच्या कमाईतला जवळजवळ तीन चतुर्थांश हिस्सा या साडीने खाल्ला. आणि ती फॉल-पिको होऊन आली असेल तर नवी म्हणून विकताच येत नाही. मग १,३०० आणि वरचे २८९ असे जवळपास १,६०० रुपये गेले. चार साड्या विकून जे मिळतं ते एका साडीत संपलं.

हा हिशोब ग्राहकाला का सांगायचा नाही? ‘फॉल लावलेली साडी परत घेतली जाणार नाही’ ही ओळ नुसती वाचली तर मुजोरी वाटते. पुढे ‘कारण ती पुन्हा नवी म्हणून विकता येत नाही’ एवढं जोडलं की कुठल्याही गृहिणीला ती पटते. तिलाही दुसऱ्या कुणाची फॉल उसवलेली साडी नव्या साडीच्या दरात नको असते. बंधनामागचं कारण एका वाक्यात सांगता आलं नाही, तर बहुतेक वेळा ते बंधनच तपासायला हवं असतं.

कॅप्शनची जागा अपुरी आहे ही सबब चालत नाही. इन्स्टाग्रामवर कॅप्शनला २,२०० अक्षरांची मर्यादा आहे, एवढ्यात सगळं आरामात बसतं. खरी अडचण वेगळी आहे: बोट सरकवत जाणाऱ्याला पहिली सव्वाशे अक्षरं दिसतात, बाकीचं ‘more’च्या मागे जातं. त्यामुळे त्या दीड-दोन ओळींत काय ठेवायचं हाच खरा निर्णय. बहुतेक जण तिथे ‘महत्त्वाची सूचना, कृपया पूर्ण वाचा’ लिहून ती जागा फुकट घालवतात. तिथे विक्रेतीवरचं बंधन यायला हवं. मी लिहायला बसलो तर साधारण असं लिहीन:

‘साडी फाटकी, डागाळलेली किंवा वेगळीच आली, तर पूर्ण पैसे परत. दोन्ही बाजूंच्या कुरिअरचा खर्च आमचा.

साडी मिळाल्यापासून सात दिवसांत फोटोसह कळवा. धुतल्यावरच दिसणारा दोष असेल, म्हणजे रंग सुटला वगैरे, तर तीस दिवस. आम्ही दोन दिवसांत उत्तर देऊ. साडी आमच्याकडे पोचल्यापासून पाच कामाच्या दिवसांत पैसे, तुम्ही जिथून पाठवले तिथेच.

भोक, डाग, तुटलेली जर, कमी भरलेली लांबी हे दोष. हातमागाच्या साडीत मधूनच दिसणारी धाग्याची बारीक गाठ हा दोष नाही. शंका आली तर फोटो पाठवून विचारा.

सणासाठी तारीख लिहून दिली आणि साडी नंतर आली, तर तीही पूर्ण पैशांत परत.

नुसती आवडली नाही? सात दिवसांत परत करा. पाठवण्याचा खर्च तुमचा, आणि आम्ही पाठवताना लागलेले कुरिअरचे ९० रुपये कापून बाकीचे परत. नेसलेली, धुतलेली किंवा फॉल-पिको केलेली साडी मात्र न आवडल्यामुळे परत घेता येत नाही, कारण ती पुन्हा नवी म्हणून विकता येत नाही.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढला तर निकाल लवकर लागेल. नसला तरी तक्रार ऐकू. आम्ही पॅक करतानाचा व्हिडिओ दोन महिने ठेवतो, मागितला की पाठवू.

हे नियम १ ऑगस्टपासून केलेल्या ऑर्डरना. बिलावरही हेच छापलेलं असेल.’

यात ‘कृपया सहकार्य करा’ नाही, ‘आपण आमचं कुटुंब आहात’ नाही. ‘छोट्या उद्योजिकेला साथ द्या’ हेही मुद्दाम ठेवलेलं नाही. साथ मागावी, पण नियमांच्या मजकुरात मागू नये. तिथे ती मागितली की परत करणाऱ्या बाईला उगाच अपराधी वाटतं. ‘आमचे खरे ग्राहक साडी परत करत नाहीत’ अशी ओळ मी वाचली आहे. ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या रचनांबद्दल केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत अशा तेरा युक्त्या नोंदवल्या आहेत. ग्राहकाला लाज किंवा अपराधी वाटेल असे शब्द वापरून त्याचा निर्णय वळवणं ही त्यातलीच एक.

व्हिडिओची ओळ सगळ्यात वादाची ठरेल याची मला कल्पना आहे. विक्रेत्या म्हणतात, व्हिडिओची सक्ती काढली तर लोक जुनी साडी खोक्यात भरून ‘हीच आली’ म्हणतील. असं घडतं, नाकारण्यात अर्थ नाही. पण दोष असलेला माल परत घेण्याबद्दल कायद्यात जे लिहिलं आहे, त्यात व्हिडिओची अट नाही. पार्सल घेते सासू, उघडते शाळेतून आलेली मुलगी, आणि जिने मागवलं ती संध्याकाळी सहाला ऑफिसातून येते. या घरात व्हिडिओ कोण काढणार? सक्तीमुळे लबाड माणूस अडत नाही, तो व्यवस्थित व्हिडिओ काढतो. अडते ती भाबडी. पुराव्याचं ओझं वाटून घेतलं तर मात्र चित्र बदलतं. विक्रेतीने साडी पूर्ण उलगडून, पदर, काठ आणि लेबल दाखवून, खोका बंद होईपर्यंत दोन मिनिटांचा व्हिडिओ काढावा. कुरिअरच्या पावतीवर पाकिटाचं वजन असतं, ते जपावं. परत आलेल्या पाकिटाचं वजन त्याच्याशी ताडून पाहिलं तर बरीच बनवाबनवी तिथेच उघडी पडते. आणि ग्राहकाला ‘आम्हीही व्हिडिओ काढतो’ हे कळलं की त्याच्याकडून मागितलेला व्हिडिओ संशय न वाटता रीत वाटते.

कायद्यानेही हेच तत्त्व एके ठिकाणी वापरलं आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, ऑर्डर पक्की झाल्यावर ग्राहकाने ती रद्द केली तर त्याच्याकडून दंड घेता येत नाही. कंपनीने स्वतःहून ऑर्डर रद्द केल्यावर तीही तसाच भुर्दंड सोसत असेल, तरच तो घेता येतो. इन्स्टाग्रामवरून होणारी घरगुती विक्री या नियमांच्या व्याख्येत नेमकी कुठे बसते यावर वकील वाद घालू शकतील. पण ‘ऑर्डर रद्द केल्यास शंभर रुपये कापले जातील’ असं लिहिणाऱ्या प्रत्येकाने एक प्रश्न स्वतःला विचारावा: ‘सॉरी ताई, तो पीस संपला’ असं मी कळवते तेव्हा मी शंभर रुपये जास्त परत करते का?

उशिराच्या ओळीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ही गोष्ट ‘दोष’ म्हणून कुणाच्या डोक्यातच येत नाही. संक्रांतीसाठी काळी साडी मागवली, विक्रेतीने बारा तारखेपर्यंत मिळेल असं लिहून दिलं, आणि ती आली सतराला. साडीत खोट काहीच नाही. पण वर्षभर काळा न नेसणाऱ्या घरात ती आता पुढच्या जानेवारीपर्यंत कपाटातच राहणार. त्याच ई-कॉमर्स नियमांत, सांगितलेल्या वेळेनंतर आलेला माल परत घ्यायला विक्रेत्याने नकार देऊ नये असं म्हटलं आहे. अपवाद आहे तो कुणाच्याच हातात नसलेल्या आपत्तीचा. पूर आला, रस्ता बंद झाला, तर गोष्ट निराळी. ‘सणामुळे कुरिअरकडे गर्दी होती’ ही आपत्ती नव्हे. गर्दी होणार हे विक्रेतीला डिसेंबरातच ठाऊक असतं. तिने तारीखच जपून द्यावी. ‘बारा तारखेपर्यंत पोचेल असं वाटत नाही’ असं आधी सांगितलं तर एखादी विक्री जाईल, पण एक परत येणारी साडीही टळेल.

उलट संकटही याच सणाला येतं: चौदा तारखेला नेसून, हळदीकुंकवाचे फोटो काढून, सोळाला ‘आवडली नाही’. त्याला उपाय मुदत कमी करण्याचा नाही. साडीवर, पदराच्या टोकाशी, सहज न काढता येणारा टॅग दोऱ्याने टाचावा आणि ‘टॅग काढलेली साडी नेसलेली धरली जाईल’ हे वर सांगितलेल्या कॅप्शनमध्ये जोडावं. टॅग दिसेल अशा जागी असला की नेसून मिरवता येत नाही, आणि नुसती खांद्यावर टाकून आरशात पाहणाऱ्या बाईला त्याचा त्रासही होत नाही.

फॉल-पिकोबाबत एक पोटमुद्दा. बऱ्याच जणी स्वतःच फॉल-पिको करून पाठवतात, मागणीप्रमाणे. अशी साडी न आवडल्यामुळे परत घेता येणार नाही हे ऑर्डर घेतानाच सांगायला हवं. दोषाचा हक्क मात्र तसाच राहतो, किंबहुना इथे विक्रेतीची बाजू जास्त लंगडी पडते. फॉल लावताना सबंध काठ हाताखालून जातो. मग काठाजवळचं भोक दिसलंच नाही असं ती कोणत्या तोंडाने म्हणणार?

आता बिलाची ओळ. कॅप्शनमध्ये सात दिवस लिहिले आणि पाकिटात बिलच टाकलं नाही, किंवा टाकलेल्या बिलावर मुदतीचा उल्लेख नाही, तर काय होईल? कायदा मुदत शोधतो ती बिलात, कॅश मेमोत किंवा पावतीत. तिथे काही नसेल तर दोषाच्या तक्रारीला तीस दिवस. शिवाय कॅप्शन केव्हाही बदलता येतं. ऑर्डर देताना काय लिहिलं होतं आणि भांडणाच्या दिवशी काय आहे, यावरच मग जुंपते, आणि स्क्रीनशॉट कुणाकडे आहे यावर निकाल लागतो. बिल बदलता येत नाही, म्हणून ते दोघांच्याही उपयोगाचं. ‘१ ऑगस्टपासूनच्या ऑर्डरना’ ही ओळही त्यासाठीच आहे. तीस जुलैला पैसे भरलेल्या बाईला दोन ऑगस्टला नवा कडक नियम लावला, तर बाकीचं कॅप्शन कितीही न्याय्य असलं तरी ती १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावेल, आणि लावावाच.

एवढं सगळं छोट्या विक्रेतीने का करावं, असा आक्षेप येतो. ती एकटी आहे, कर्मचारी नाहीत, रोजचं काम सोडून दोन दिवसांत उत्तर कसं देणार? मग पाच दिवस लिहावेत. मुदत किती असावी यापेक्षा ती दोन्ही बाजूंना असावी आणि पाळली जावी हे महत्त्वाचं. झेपणार नाही ते लिहूच नये. न आवडल्यामुळे परत घेणं परवडत नसेल तर तेही स्पष्ट लिहावं: ‘दोष नसलेली साडी परत घेत नाही, म्हणून ऑर्डरआधी व्हिडिओ कॉलवर दाखवते.’ हा नियम माझ्या कॅप्शनपेक्षा कडक आहे, तरी मला तो न्याय्य वाटतो, कारण परतीचा मार्ग बंद करताना तिने निवडीचा मार्ग मोठा केला आहे. पैशांऐवजी क्रेडिट देण्याचंही तसंच. मन बदललं तर क्रेडिट चालेल. साडी फाटकी निघाली तर ग्राहकाने त्याच दुकानातून दुसरी साडी घ्यावीच, अशी सक्ती करता येत नाही.

नियम लागू झाल्यावर विक्रेतीने एक साधी वही ठेवावी: कोणती साडी, कधी परत आली, कशासाठी. दिवाळी उलटली की ती उघडावी. त्यात ‘रंग फोटोपेक्षा वेगळा’ हे कारण पुन्हा पुन्हा दिसलं तर मुदत सातवरून तीनवर आणायचा मोह होईल. त्याऐवजी फोटो पाहावेत. रिंग लाइटखाली काढलेल्या फोटोत साडीचा आणि जरीचा रंग खऱ्यापेक्षा वेगळा दिसू शकतो. खिडकीजवळ, सकाळी दहाच्या उजेडात, एकदा उजवी आणि एकदा उलटी बाजू धरून फोटो काढावेत आणि तेच आधी टाकावेत.